आपल्याच फुलावर दुसऱ्याचा दावा

(व्हिडिओ करणाऱ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

यूट्यूबवर कॉपीराइटच्या दाव्याला हरकत घेताना आपण जो मजकूर लिहितो, तो सगळ्यात आधी कोण वाचतं? मघाशी तुमच्यातल्या पाचसहा जणांना विचारलं, तर सगळ्यांनी एकच सांगितलं: यूट्यूब. तसं नाहीये. ज्यानं दावा लावलाय त्याच्याकडेच तो अर्ज जातो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच पहिला न्यायाधीश! हे ऐकून राग येतो, मलाही येतो. पण अर्ज कसा लिहायचा ते यावरूनच ठरतं, म्हणून आज याच एका धाग्यानं जाऊ.

माझ्या ओळखीच्या एक छायाचित्रकार बाई आहेत. रात्री उमलणाऱ्या निवडुंगाच्या फुलाचा त्यांनी टाइमलॅप्स केला. संध्याकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी कॅमेरा लावला, दर 5 सेकंदांना एक फोटो, एकूण 6000 फोटो. म्हणजे 8 तास 20 मिनिटं कॅमेरा चालू. सेकंदाला 25 फोटो या वेगानं ते जोडले की बरोबर 4 मिनिटांचा व्हिडिओ होतो. 3 मार्चला त्यांनी तो चॅनलवर टाकला. संगीत लावलं नाही, नुसती रात्रीची शांतता.

जूनच्या सुरुवातीला एका वाहिनीकडून मेल आला: वनस्पतींवरच्या कार्यक्रमात तुमचा छोटा तुकडा वापरू का? बाईंनी उत्तर दिलं, नाव द्या आणि एकदा वापरा. 19 जूनला कार्यक्रम लागला, त्यात त्यांचे 11 सेकंद होते. आणि 21 जूनला बाईंच्या मूळ व्हिडिओवर त्याच वाहिनीचा दावा! जाहिरातींचे पैसे वाहिनीकडे वळले.

यात कुणी मुद्दाम चोरी केली नव्हती. कंटेंट आयडी नावाची जी यंत्रणा आहे, तिच्याकडे हक्कधारक आपापल्या संदर्भ फाइली देतात आणि यंत्र प्रत्येक नवा-जुना व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहतं. वाहिन्या अख्खाच्या अख्खा कार्यक्रम संदर्भ म्हणून देऊन टाकतात. त्यातले 11 सेकंद उसने आहेत, हे कुणी वेगळं काढून ठेवत नाही. यंत्राला साम्य कळतं. आधी कुणाचं, हे त्याला कळत नाही. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराच्या 10 तासांच्या नुसत्या खरखरीच्या व्हिडिओवर, म्हणजे ज्याला व्हाइट नॉइज म्हणतात त्यावर, 5 दावे लागले होते. खरखरीचा मालक कोण, यावर पाच जण पुढे आले!

आता बाईंनी काय केलं ते बघा. यूट्यूब स्टुडिओत Content उघडलं, त्या व्हिडिओच्या पुढं Restrictions च्या रकान्यात Copyright दिसत होतं, तिथून See details. तिथं दोन गोष्टी वाचायच्या असतात आणि बहुतेक लोक घाईत वाचत नाहीत. एक, साम्य कशात सापडलंय: चित्रात, आवाजात की चालीत. दुसरी, कुठून कुठपर्यंत. बाईंच्या दाव्यात चित्र होतं, 1:52 ते 2:03. समजा, तुमच्या व्हिडिओत विकत घेतलेला एखादा तयार सुरावटीचा तुकडा आहे आणि दावा आवाजावर आहे, तर "माझं मूळ काम" हे कारण तिथं चालणार नाही. तो तुकडा तुमच्यासारख्या शंभर जणांनी घेतलेला असतो. तिथं परवान्याचं कारण द्यायचं आणि पावती दाखवायची. तुमचं चित्र मूळ असलं म्हणून आवाजही मूळ ठरत नाही.

बाईंनी मग Select action मधून Dispute निवडलं. पुढं कारण विचारतात. त्यांनी Fair use निवडलं. का, तर शब्द न्यायाचा वाटला! इथंच गाडी घसरली. फेअर यूज म्हणजे: वस्तू दुसऱ्याची आहे, पण मी ती समीक्षा, टीका, शिकवणं अशा कारणासाठी वापरली म्हणून मला मुभा आहे. ते कारण निवडलंत की आधीच कबूल केलंत, की माल तुमचा नाही. वर त्यांनी खाली चार ओळी लिहिल्या, त्यात "लाज वाटली पाहिजे" हे दोनदा. वाहिनीच्या त्या टेबलावर जो कोणी बसला असेल, त्यानं कारण वाचलं, चार ओळी वाचल्या, आणि नवव्या दिवशी, 3 जुलैला, हरकत फेटाळली. त्याच्याकडे 30 दिवस होते. त्या मुदतीत उत्तर दिलं नसतं तर दावा आपोआप गळून पडला असता.

एक गोष्ट मात्र बाईंनी नकळत चांगली केली. हरकत त्यांनी 24 जूनला घेतली, म्हणजे दावा लागल्यापासून 5 दिवसांच्या आत. त्यामुळं पहिल्या दिवसापासूनचे जाहिरातींचे पैसे यूट्यूबनं बाजूला राखून ठेवले. 5 दिवस उलटल्यावर हरकत घेतली तर घेतल्या तारखेपासूनचेच पैसे राखले जातात, आधीचे गेले. हरकत फेटाळल्यावर अपील करतानाही 5 दिवसांचं हेच गणित असतं.

बाई माझ्याकडे आल्या त्या 4 जुलैला. पहिला प्रश्न त्यांचा: "व्हिडिओ काढून पुन्हा टाकू का? नाहीतर तेवढे 11 सेकंद कापू?" मी म्हटलं, दोन्ही नको. तुकडा कापला की दावा उठतो खरा, पण फुलाचा नेमका उमलण्याचा क्षण जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा कापायचं. आणि व्हिडिओ काढला तर 3 मार्च ही तारीखच गेली. अपलोडची ती तारीख यूट्यूबच्या स्वतःच्या नोंदीत आहे, तुम्हाला बदलता येत नाही, म्हणून तिच्यावर कुणी शंका घेत नाही. फोटोतल्या तारखांचं तसं नाही. त्या बदलता येतात आणि कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर मुळातच खोट्या असतात. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेल्या फोटोत तर बहुधा ती माहिती उरतच नाही. म्हणून मूळ कार्डावरून उतरवलेल्या रॉ फाइलींना हात न लावता वेगळ्या ड्राइव्हवर त्यांची प्रत ठेवायला सांगितली.

मग आम्ही पुराव्याला बसलो. मी एकच कसोटी लावतो: समोरच्याकडे नसेल असं माझ्याकडे काय आहे? वाहिनीकडे 11 सेकंद आहेत. बाईंकडे त्याच्या आधीचे आणि नंतरचे 229 सेकंद आहेत. ते 11 सेकंद म्हणजे 2801 ते 3075 या क्रमांकांचे 275 फोटो. 2801 वा फोटो रात्री 11 वाजून 3 मिनिटं 20 सेकंदांचा निघायला हवा, कारण त्याच्या आधी दर 5 सेकंदांनी 2800 फोटो झालेत. उघडून पाहिला तर तोच. असा ताळा जुळला की मोठं बळ येतं. खोटं रचणारा क्वचितच इतकी आकडेमोड करतो. वाहिनीच्या कार्यक्रमात चित्राच्या कडा कापलेल्या आणि कोपऱ्यात बोधचिन्ह होतं. बाईंच्या फायलीत कुंडीची कड आणि मागची भिंत पूर्ण दिसत होती. आणि तो मेल होताच. "एकदा वापरा" असं लिहिलेली परवानगी म्हणजे हक्क सोपवणं नव्हे. कंटेंट आयडीत संदर्भ देण्यासाठी मात्र त्या भागावर एकट्याचा हक्क लागतो. वाहिनीकडे तो नव्हताच.

अपील करण्याआधी मी त्यांना धोका सांगितला. अपिलानंतर दावेदाराला 7 दिवस मिळतात. त्यात त्यानं पुन्हा नकार दिला तर त्याला व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी करावी लागते आणि ती मान्य झाली की चॅनलवर स्ट्राइक लागते. 90 दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल जायची पाळी. त्यानंतर प्रति-सूचना देता येते, पण त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, तो समोरच्याकडे जातो आणि खोटं लिहिलं तर कायद्याची जबाबदारी आपली. प्रति-सूचनेनंतर दावेदारानं 10 कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही, तर व्हिडिओ परत येतो. तिथवर जायची तयारी आहे का, हे अपिलाचं बटण दाबायच्या आधी ठरवायचं. बाईंची तयारी होती, कारण फूल त्यांचंच होतं.

6 जुलैला अपील गेलं. त्यात फाइल जोडायची सोय नसते, मजकूरच बोलतो. म्हणून टेबलावरच्या माणसाला बसल्या जागी तपासता येईल तेवढंच लिहिलं. मजकूर साधारण असा:

"पहिल्या हरकतीत मी कारण चुकीचं निवडलं होतं. 1:52 ते 2:03 हा भाग मी स्वतः चित्रित केला आहे. माझा व्हिडिओ 3 मार्चला अपलोड झाला, तुमचा कार्यक्रम 19 जूनला प्रसारित झाला. तुमच्या कार्यक्रमात हा भाग माझ्या जूनमधल्या मेलवरच्या एकवेळच्या परवानगीनं आला आहे. तो मेल तुमच्या निर्मिती विभागाकडे आहे. मूळ 6000 फोटो माझ्याकडे आहेत, मागाल तेव्हा दाखवीन. कृपया दावा मागे घ्या आणि संदर्भ फाइलमधून हा भाग वगळा."

एवढंच. विशेषण एकही नाही. शेवटचं वाक्य लोक विसरतात. दावा मागे घेतला तरी संदर्भ फाइलमध्ये तो तुकडा राहिला, तर यंत्र तुमच्या पुढच्या व्हिडिओवर पुन्हा बोट ठेवणारच.

10 जुलैला दावा उठला आणि राखलेले पैसे बाईंना मिळाले.

यूट्यूबनं 2021 च्या पहिल्या सहामाहीची माहिती जाहीर केली होती. 72 कोटींहून अधिक दावे, त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमींना हरकत, आणि हरकत घेतलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूनं. यावरून उरलेले सगळे दावे बरोबर होते असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. बरेच जण घाबरून गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे.

बाईंचं प्रकरण मात्र तिथं संपलं नाही. 25 जुलैला त्याच 11 सेकंदांवर दुसराच दावा आला. वाहिनीनं तो कार्यक्रम दुसऱ्या एका कंपनीला विकला होता आणि त्या कंपनीनं आपली वेगळी संदर्भ फाइल दिली होती. या वेळी बाईंनी मला विचारलंही नाही. 27 जुलैला तोच मजकूर, नावं-तारखा बदलून, कारण Original content निवडून पाठवला. समोरून काहीच उत्तर आलं नाही. 26 ऑगस्टला 30 दिवस भरले आणि दावा आपोआप गेला.