अठरा किलो पीठ, साडेदहा किलो टोस्ट

(छोट्या बेकरीवाल्यांसाठी कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच मालाचा हिशेब मांडणार आहे. टोस्टचा. कारण टोस्ट दोनदा भाजावा लागतो, आणि जिथं दोनदा भट्टी लागते तिथं फसायची संधीही दोनदा मिळते.

मी स्वतः किती फसलो ते आधी सांगतो. दहा किलो मैद्याचा एक घाण मी काढायचो. मैदा, साखर, वनस्पती, दूध पावडर, यीस्ट, मीठ, वेलची धरून कच्चा माल ६८० रुपयांचा. मळून झालं की पीठ भरायचं सव्वाअठरा किलो. ६८० भागिले अठरा, म्हणजे किलोला ३८ रुपये. दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला आठ रुपयेसुद्धा नाहीत! त्यात पाऊचचे चार घातले, गॅस-मजुरीचे अंदाजानं दहा, वर नफ्याचे आठ. झाले तीस. दुकानदाराला तीसनं पाकीट द्यायला लागलो. माल उठत होता, मी खूश होतो. फक्त महिनाअखेरीला मैदेवाल्याचं देणं भागत नव्हतं.

आपल्याकडं गुऱ्हाळ सगळ्यांनी बघितलंय. काहिलीत रस किती ओतला यावर गुळाचा भाव कुणी ठरवत नाही. आदण उतरलं की ढेपा किती निघाल्या, त्यावर ठरवतो. मी मात्र रसाचा भाव काढत बसलो होतो. सव्वाअठरा किलोत साडेपाच लिटर तर पाणी होतं, आणि टोस्ट म्हणजे ते पाणी घालवण्याचंच काम.

मग एक दिवस वजनकाटा भट्टीशेजारी ठेवला आणि प्रत्येक टप्प्याला माल तोलला. पीठ सव्वाअठरा. पहिल्या भाजणीनंतर पाव निघाले सोळा किलो. पाव गरम असताना कापला तर सुरीला चिकटतो, चुरा जास्त पडतो, म्हणून रात्रभर ठेवला, सकाळी पावणेसोळा. काप काढताना दोन्ही टोकं आणि चुरा मिळून अर्धा किलो बाजूला. उरलेले काप पत्र्यावर मांडून मंद भट्टीत तासभर वाळवले, मधे एकदा उलटले. बाहेर आले अकरा किलोच्या थोडे वर. त्यातले दीडशे ग्रॅम करपलेले, चारशे ग्रॅम तुटलेले. विकण्याजोगा अख्खा टोस्ट राहिला दहा किलो सहाशे ग्रॅम.

म्हणजे भागाकार अठरानं नाही, साडेदहानं करायचा. माझा पहिला आकडाच जवळजवळ निम्म्यानं चुकला होता.

इथं एक मोह असतो, तो सांगून टाकतो. टोस्ट दहा मिनिटं आधी बाहेर काढला तर वजन तीन-चारशे ग्रॅम जास्त भरतं. पाणी टोस्टच्या भावानं विकलं जातं. मीही केलंय ते. असा टोस्ट मोडला की ‘कट्’ आवाज येत नाही, मधे लवचिक लागतो. पाकिटात चार दिवसांत मधला ओलावा कडेपर्यंत पसरतो आणि सगळाच मऊ पडतो. पाकिटं परत येतात. त्यामुळं घट कमी दिसायला लागली तर आनंदू नका, परत आलेल्या मालाची वही बघा.

आता गॅस. ‘महिन्याला सिलिंडर किती’ या हिशेबातून एका घाणाचा गॅस कळत नाही, कारण त्याच भट्टीत तुम्ही खारी काढता, नानकटाई काढता. सोपा उपाय म्हणजे सिलिंडरच काट्यावर उभा करायचा. पेटवण्याआधी वजन, विझवल्यावर वजन. मी केलं तेव्हा भट्टी तापवायला ९०० ग्रॅम लागले, पाव भाजायला ८००, आणि टोस्ट वाळवायला दीड किलो. एकूण ३.२ किलो. त्या दिवशी १९ किलोचा सिलिंडर १,७१० ला होता, म्हणजे किलोला ९०; गॅस झाला २८८ रुपये. तुमचा भाव तुम्ही घाला, पण रीत ही धरा. यातला तापवण्याचा गॅस लक्षात ठेवा. भट्टीत दहा पत्रे असोत नाहीतर वीस, तो तेवढाच जळतो. मिक्सर, कटर, दिवे यांची वीज धरली तीस रुपये.

मजुरीत बहुतेकांची अडचण एकच असते. ‘मी आणि घरचीच माणसं करतो, मजुरी कुठली?’ उद्या तुमची पाठ धरली तर कारागीर आणावाच लागेल, आणि तो फुकट येणार नाही. म्हणून स्वतःला कारागिराच्या दरानं धरा. कारागिराचे दिवसाला ७००, मदतनिसाचे ४२०. आठ तासांचा दिवस असला तरी चहा-पाणी, झाडलोट जाऊन हाताला सातच तास लागतात, म्हणून भागाकार सातानं. कारागीर तासाला १००, मदतनीस ६०. घड्याळ लावून बघितलं तर या घाणाला दोघांचे साडेतीन-साडेतीन तास गेले. मळण्यापेक्षा कापणं, मांडणं, उलटणं आणि भरणं यातच वेळ जातो. पीठ फुगत असतानाचा वेळ यात धरलेला नाही, कारण तेव्हा आम्ही दुसरं काम करत होतो. नुसतं बसून राहत असाल तर तोही धरा. मजुरी झाली ५६० रुपये. कच्च्या मालाला ६८० लागले होते, फार लांब नाही!

पॅकिंगमध्ये दोन छिद्रं आहेत. पहिलं, सीलिंग करताना पाऊच फुकट जातात. बावन्न पाकिटांना मला पंचावन्न लागले. दुसरं छिद्र दिसत नाही. दोनशे ग्रॅम छापलंय म्हणून कमी भरता येत नाही, आणि टोस्ट काही मोडून भरत नाहीत. म्हणून पाकिटामागं सरासरी तीन ग्रॅम जास्त जातात. म्हणूनच १०.६ किलोतून ५२ पाकिटं निघाली, ५३ नाही. पाऊच आणि लेबल चार रुपयांप्रमाणं २२०, दोन खोकी आणि टेप पन्नास, एकूण २७०.

राहिला वरखर्च. भाडं, दुरुस्ती, यंत्रांची झीज, परवाना, फोन, पेट्रोल मिळून महिन्याला १८,००० आणि सगळ्या मालाचे मिळून ९० घाण. घाणाला २०० आले.

बेरीज केली तर २,०२८. तुटलेला टोस्ट सुटा ७० रुपये किलोनं गेला, त्याचे २८ वजा. राहिले बरोबर दोन हजार. बावन्न पाकिटांनी भागायला मी पेन उचललं, तेव्हा बायको म्हणाली, ‘परत येतात ती?’ वही काढली. बावन्नातली दोन पाकिटं चेपून नाहीतर सादळून परत येत होती. म्हणजे पैसे देणारी पाकिटं पन्नासच. दोन हजार भागिले पन्नास, चाळीस रुपये.

आणि मी ते तीसला देत होतो.

आता किंमत. मला विक्रीवर १५ टक्के नफा हवा. चाळीसचे १५ टक्के सहा, झाले ४६, असं करू नका. शंभर रुपयांच्या विक्रीतले पंधरा माझे असतील तर पंच्याऐंशीत खर्च बसला पाहिजे. म्हणून ४० भागिले ०.८५, म्हणजे ४७. दुकानदार वीस टक्के मागतो, तो छापील किमतीवर मागतो, तुमच्या भावावर नाही. ४७ मध्ये वीस टक्के मिळवले तर ५६ होतात. पण त्यातून तो आपले वीस टक्के काढून तुमच्या हातात ४५ च ठेवतो. म्हणून ४७ भागिले ०.८०, म्हणजे ५८.७५. छापायचे साठ. जीएसटी नोंदणी असेल त्यांनी कर यात वेगळा धरायचा.

साठ आकडा दुकानदाराला सांगितला. तो हसला. ‘भावा, साठला दोनशे ग्रॅम टोस्ट कोण घेतंय?’ खोटं नव्हतं ते. खर्च चाळीस आला म्हणून गिऱ्हाईकानं साठ द्यावेत असा काही नियम नाही. मग किंमत सोडून मी घाणाकडं बघितलं. भट्टी निम्मी रिकामी जात होती.

वीस किलोचा घाण एकदम काढून बघितला. कच्चा माल आणि पॅकिंग दुप्पट झाले, १,३६० आणि ५४०. पण तापवणं एकदाच, आणि टोस्ट वाळवायला लावला तो सकाळचा पाव निघाल्यावर, उतरत्या उष्णतेवर. जुने लाकडाच्या भट्टीवाले हेच करायचे, पावामागून टोस्ट. गॅस लागला ४.६ किलो, ४१४ रुपये. मजुरी ८००, कारण तोलायला, मळायला, धुवायला वेळ जवळजवळ तेवढाच. वीज पन्नास. वरखर्च मी आता घाणांऐवजी भट्टीच्या तासांवर वाटतो, तो आला ३००. तुटलेल्या मालाचे ५६ वजा जाता ३,४०८. शंभर पाकिटांना ३४ रुपये. ०.८५ नं भागून ४०, ०.८० नं भागून ५०. पन्नासला दुकानदारानं पाकीट ठेवून घेतलं. फक्त शंभर पाकिटं खपली पाहिजेत. वीस परत आली तर खर्च पुन्हा ४२ च्या पुढं जातो.

मागून एक ताई विचारतायत, मिसळीच्या गाड्यांना देऊन उरलेल्या ब्रेडचा टोस्ट केला तर कच्चा माल फुकट धरायचा का? फुकट नाही धरायचा. तो ब्रेड शेवटी ज्या पडत्या भावाला गेला असता, तेवढा तरी धरा. आणि फक्त आपल्या फडताळातला घ्या, बाहेर जाऊन परत आलेला नको.

दुसरा प्रश्न, सुटा विकला तर? वीस किलोच्या त्याच घाणातून पॅकिंगचे ५४० काढा, कागदी पिशव्यांचे साठ घाला, खर्च २,९२८. बरणीतला तुटका-चुरा सोडून २०.८ किलो विकला जातो. किलोला १४१ पडले, नफ्यासह १६६. आपल्या काउंटरवर १७० नं द्या. पाकिटातला तोच टोस्ट गिऱ्हाइकाला २५० रुपये किलो पडतो. मी आता निम्मा माल सुटाच विकतो. आषाढ-श्रावणात मात्र नाही; त्या दिवसांत बरणीचं झाकण दिवसातून चाळीस वेळा उघडतं आणि संध्याकाळपर्यंत वरचा थर सादळतो. तेव्हा बरणीत दोनच किलो ओतायचा, बाकीचा डब्यात बंद.