बिलावरची तारीख आणि मालाची तारीख: वर्षअखेरच्या कट-ऑफबद्दल थोडं

(ऑडिटमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून लिहिलंय)

नमस्कार मंडळी. आज एकाच गोष्टीवर बोलायचंय, वर्ष संपताना जी बिलं येतात-जातात ती कुठल्या वर्षात धरायची, यालाच कट-ऑफ म्हणतात. उदाहरणात मी वर्ष 31 मार्चला संपतं असं धरतोय, तुमच्या क्लायंटचं डिसेंबरला संपत असेल तर तारखा बदला, बाकी सगळं तेच.

नवीन माणूस काय करतो, मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली बिलं काढतो, प्रत्येकावरची तारीख बघतो, 31 मार्च किंवा त्याआधीची असली की टिक आणि पुढे. आता यात तपासलं काय? बिलावरची तारीख लेजरमधल्या तारखेशी जुळते, बास. ती तर जुळणारच, लेजरमध्ये एंट्री त्या बिलावरूनच झालीये! बिल हा आपलाच कागद असतो, किंवा सप्लायरचा, आणि तारीख टाकणाऱ्याच्या मनावर असते. विक्री कुठल्या वर्षाची हे ठरतं मालाचा ताबा गिऱ्हाइकाकडे कधी गेला त्यावरून. महसुलाचं जे अकाउंटिंग स्टँडर्ड आहे, आयएफआरएस 15, त्यात ‘कंट्रोल’ म्हणतात ते हेच. खरेदीत तसंच उलट बाजूने, माल आपला कधी झाला.

म्हणून कट-ऑफचं काम सुरू होतं स्टॉक मोजायच्या दिवशी, गोडाऊनमध्ये. तिथे उभं राहून दोन नंबर लिहून घ्यायचे, बाहेर गेलेल्या मालाच्या शेवटच्या चलानचा नंबर आणि आत आलेल्या मालाच्या शेवटच्या जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीचा, नंबर. शक्य असेल तर पुस्तकातलं पुढचं कोरं पान पण बघून घ्या आणि मागे मध्येच एखादा नंबर कोरा सोडलेला नाही ना तेही बघा, कारण असा सोडलेला नंबर नंतर मागच्या तारखेने भरता येतो आणि मग तुमच्या शेवटच्या नंबरला काही अर्थ राहत नाही. हे दोन नंबर तुमच्या हातच्या कागदावर आहेत, क्लायंटच्या सिस्टिममध्ये नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात कोणी काही बदललं तरी तुमच्याकडे एक खुंटा पक्का रोवलेला असतो.

आता एक केस घेऊ, आकडे मी बनवलेत. मोजणी 31 मार्चला संध्याकाळी झाली, त्या दिवशी माल हलला नाही. शेवटचं चलान 4180, शेवटचा जीआरएन 2265. पुस्तकात वर्षाचा नफा 60 लाख. आपण मार्चच्या शेवटच्या दिवसांत बुक झालेली विक्रीची बिलं उचलली आणि प्रत्येकाचं चलान शोधलं.

बिल 9051, तारीख 31 मार्च, रक्कम 6 लाख. त्याचं चलान निघालं 4183. म्हणजे मोजणी झाली तेव्हा हा माल बाहेर गेलाच नव्हता. मग इथे थांबायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा, आणि हाच प्रश्न बहुतेक जण विसरतात: तो माल मोजणीत धरला का? मोजणीची शीट काढली, धरला होता. म्हणजे एकाच मालाची विक्रीही दाखवली आणि स्टॉकही दाखवला, नफा पूर्ण 6 लाखांनी फुगला. सहा लाखातला मार्जिन नाही, अख्खे सहा लाख. दुरुस्ती सोपी, विक्री आणि डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं, 6 लाखांनी कमी, स्टॉकला हात लावायचा नाही. पण समजा गोडाऊनवाल्याने ‘हा विकलेला आहे’ म्हणून तो ढीग बाजूला ठेवला असता आणि मोजलाच नसता, तर? मग त्या मालाची आपल्याला पडलेली किंमत 4.5 लाख असेल तर तेवढा स्टॉक परत आत घ्यायचा आणि नफा फक्त दीड लाखाने उतरतो. चूक तीच, बिल तेच, पण नफ्यावरचा फरक चौपट. म्हणून विक्री एकटी तपासून भागत नाही, स्टॉक सोबत लागतोच.

दुसरं बिल 9048, रक्कम 10 लाख, चलान 4178, माल 30 मार्चला गाडीत भरला. नंबर शेवटच्या नंबराच्या आत आहे, तारीख पण मार्चचीच, सगळं बरोबर वाटतं ना? ऑर्डर काढून वाचली तर अट अशी की माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायची जबाबदारी आपली आणि तोपर्यंतची जोखीमही आपलीच. ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर गिऱ्हाइकाची सही 2 एप्रिलची. म्हणजे 31 मार्चच्या रात्री माल रस्त्यावर होता आणि आपलाच होता. विक्री पुढच्या वर्षाची. पण इथे माल गोडाऊनमध्ये नव्हता म्हणून मोजणीत आलेला नाही, त्यामुळे विक्री 10 लाखांनी कमी करायची आणि रस्त्यातला स्टॉक त्याच्या किमतीने, समजा 7 लाख, वाढवायचा. नफा 3 लाखांनी खाली. ऑर्डरची अट ‘आमच्या गेटवरून माल तुमचा’ अशी असती तर हेच बिल मार्चचंच ठरलं असतं. म्हणजे गेटवरची तारीख पण शेवटचं उत्तर नाही, करार काय म्हणतो ते बघावं लागतं.

कोणीतरी विचारलं, ‘सर, गिऱ्हाइकच म्हणतं आमची जागा तयार नाही, बिल करा पण माल तुमच्याकडेच ठेवा, मग?’ चांगला प्रश्न. असं खरंच होतं आणि ते मान्य पण आहे, पण चार गोष्टी जुळल्या तरच. माल ठेवायचं कारण खरं हवं, जसं गिऱ्हाइकानेच ते मागितलं. तो माल त्याचाच म्हणून वेगळा ओळखता यायला हवा. तो लगेच पाठवता येईल असा तयार हवा. आणि आपण तो दुसऱ्याला देऊ शकत नाही किंवा स्वतः वापरू शकत नाही अशी स्थिती हवी. माझा अनुभव असा की चौथीवर गाडी अडते, कारण ‘वेगळा ठेवलाय’ म्हणतात आणि एप्रिलमध्ये त्याच ढिगातून दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल गेलेला असतो. आणि हो, गिऱ्हाइकाचं मागणीचं पत्र कोणत्या तारखेचं आहे हेही बघा, बिल झाल्यावर दोन आठवड्यांनी आलेलं पत्र मला पटत नाही.

आता खरेदी. इथे दिशा उलटी करायची. विक्रीत भीती असते जास्त दाखवल्याची, म्हणून लेजरमधून सुरू करून चलानकडे जायचं. खरेदीत भीती असते न दाखवल्याची, आणि जे लेजरमध्ये नाहीच ते लेजरमध्ये शोधून कसं सापडणार? म्हणून जीआरएनच्या पुस्तकातून सुरू करायचं, 2265 पासून मागे मागे यायचं आणि प्रत्येकाचं बिल मार्चमध्ये बुक झालंय का बघायचं. आपल्या केसमध्ये जीआरएन 2262, 30 मार्च, 8 लाखाचा माल. सप्लायरचं बिल आलं 5 एप्रिलला, त्यावर तारीख 4 एप्रिल, अकाउंट्सवाल्याने तारीख बघितली आणि एप्रिलमध्ये टाकलं. त्याची काही लबाडी नाही. पण माल मोजणीत आलाय, स्टॉक 8 लाखांनी वाढलाय आणि खरेदी कुठेच नाही, त्यामुळे नफा सरळ 8 लाखांनी जास्त. इथे बिल आलं नाही तरी ‘माल आला, बिल यायचंय’ म्हणून प्रोव्हिजन करायची. हाच माल मोजणीतूनही सुटला असता तर नफा बरोबरच राहिला असता, फक्त ताळेबंदात स्टॉक आणि देणं दोन्ही कमी दिसले असते. तेही चुकीचंच, पण वेगळ्या प्रकारचं.

तिन्ही मिळून 6, 3 आणि 8, म्हणजे 17 लाख. साठचा नफा त्रेचाळीसवर आला, आणि यातलं एकही बिल खोटं नाहीये.

सर्व्हिसच्या बिलांना जीआरएन नसतो, तिथे वर्ष संपल्यावर झालेली पेमेंट्स आणि आलेली बिलं बघून काम कोणत्या काळाचं ते वाचायचं. वकिलाचं 20 एप्रिलचं बिल, काम मार्चचं, तर खर्च मार्चचा. मेंटेनन्सचं मार्चमधलं बिल पुढच्या बारा महिन्यांचं, त्यातला मार्चचा एकच महिना, तर अकरा महिने पुढे ढकलायचे. यात फार डोकं लागत नाही, बिलावरचा कालावधी वाचायची सवय लागते इतकंच.

किती दिवस मागे-पुढे तपासायचं, पाच की पंधरा, असं दरवेळी विचारतात. ठरलेला आकडा नाही. माल पोचायला दोन दिवस लागत असतील तर आठवडा पुरतो, जहाजाने महिना लागत असेल तर आठवड्याने काय होणार. वर्ष संपल्यावरच्या क्रेडिट नोटा मात्र मी थोड्या जास्त दिवसांच्या बघतो, एप्रिलमध्ये मार्चच्या बिलांवर मोठे रिटर्न दिसले की ती विक्री मुळात झाली होती का हे पुन्हा विचारायचं. आणि सॉफ्टवेअरमधून बिलाची तारीख आणि एंट्री झालेली वेळ, दोन्ही कॉलम मागा. तारीख टाइप करता येते, एंट्रीची वेळ सिस्टिम टाकते. 31 मार्चचं बिल 6 एप्रिलला रात्री नऊला तयार झालेलं दिसलं तर ते आधी उचला. लगेच चोर ठरवू नका, कागद उशिरा पोचला असेल, पण ट्रान्सपोर्टची पावती काढल्याशिवाय सोडूही नका.

मुद्दाम केल्यावर हे किती मोठं होतं याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली कॉम्प्युटर असोसिएट्स ही सॉफ्टवेअर कंपनी. तिमाही संपली तरी पुस्तकं उघडी ठेवायची, पुढच्या दिवसांत सह्या झालेली कॉन्ट्रॅक्ट्स मागच्या तारखेने घ्यायची, आत याला ‘35 दिवसांचा महिना’ म्हणायचे. 2004 मध्ये कंपनीने 2.2 अब्ज डॉलरपेक्षा जास्त महसूल चुकीच्या काळात दाखवल्याचं हिशोब बदलून मान्य केलं. गिऱ्हाइकं खरी होती, कॉन्ट्रॅक्ट्स पण बहुतांश खरी, फक्त सही नंतरची.

आता एक जण म्हणेल, पुढच्या वर्षी आपोआप सरळ होतंच ना. होतं, आपल्या केसमधले 17 लाख पुढच्या वर्षात येतील आणि दोन वर्षांची बेरीज बरोबर येईल. दरवर्षी तेवढाच माल पुढे-मागे सरकत असेल तर नफ्यावर फारसा फरकही दिसत नाही, म्हणूनच क्लायंट ‘आमची पद्धतच अशी आहे’ म्हणतो. पण 31 मार्चचे डेटर्स 16 लाखांनी जास्त आणि देणं 8 लाखांनी कमी आहेच, आणि बँक त्याच ताळेबंदावर लिमिट देते. शिवाय मागच्या वर्षी अशी चूक दुरुस्त न करता सोडली असेल तर तिचा उलटा परिणाम यंदाच्या नफ्यात आधीच बसलेला असतो, म्हणून यंदाचं शीट उघडण्याआधी मागच्या वर्षीच्या न केलेल्या दुरुस्त्यांची यादी फाइलमधून काढून शेजारी ठेवा.