पहिल्यांदाच टीम लीड होणाऱ्याला काय विचारायचं

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे, पण मी आज एकच प्रश्न घेणारे आणि तो मुळापासून कसा बनवायचा ते दाखवणारे, कारण एक नीट जमला की बाकीचे त्याच वाटेने बनतात.

आधी अडचण काय ते बघू. बिहेवियरल इंटरव्ह्यूमधे आपण समोरच्याला विचारतो की असं पूर्वी घडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, म्हणजे 'काय कराल' असं न विचारता 'काय केलंत' विचारतो. पण पहिल्यांदाच लीड होणाऱ्याच्या हाताखाली आजवर कोणी नव्हतंच. आणि बहुतेक ठिकाणी मॅनेजरच्या इंटरव्ह्यूचे प्रश्न उचलून तसेच्या तसे वापरतात, 'परफॉर्म न करणाऱ्या रिपोर्टीला तुम्ही कसं हाताळलंत?' वगैरे. आता बिचारा काय सांगणार? एकतर प्रसंग ओढूनताणून बनवेल नाहीतर 'मी असं करेन, तसं करेन' सुरू करेल, आणि आपण ते अनुभव म्हणून लिहून घेतो. प्रश्न असा हवा की ज्याला पद नव्हतं त्याच्याही आयुष्यात तो प्रसंग घडलेला असेल.

असा प्रसंग शोधायचा कुठून? यासाठी एक जुनी पद्धत आहे, क्रिटिकल इन्सिडेंट टेक्निक. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ती मांडली, आणि तिची मुळं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलात वैमानिकांच्या निवडीवर झालेल्या कामात आहेत. आपल्या उपयोगाचा भाग साधा आहे. तुमच्याकडे जे लीड आहेत, त्यांचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांच्यासोबत बसा आणि विचारा, 'नवीन लीडच्या पहिल्या काही महिन्यांत असा कुठला प्रसंग आठवतो जिथे त्याने टीमला सावरलं किंवा टीमचं बिघडवलं?' विशेषणं घ्यायची नाहीत, 'तो मॅच्युअर होता' हे चालणार नाही, नेमकं काय केलं आणि त्याने पुढे काय झालं तेवढंच लिहायचं.

असं बसलात की एक गोष्ट बऱ्याचदा वर येते. सहकाऱ्याचं काम वेळेत येत नाही, नवीन लीड बोलायचं टाळतो, शेवटी रात्री बसून स्वतःच ते काम करून टाकतो. काम जातं वेळेत, सगळे खुश. पण त्या माणसाला कळतच नाही की काही चुकलं, पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि लीड आपलं काम सांभाळून दोघातिघांचं काम ओढत बसतो. जो माणूस कामात उत्तम म्हणून लीड झालाय त्याला हा मोह सगळ्यात जास्त असतो, म्हणून मला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता याचा प्रश्न करू. पहिला प्रयत्न साधारण असा असतो, 'सहकारी उशीर करत होता तेव्हा तुम्ही त्याच्याशी मोकळेपणाने कसं बोललात?' इथे उत्तर आपणच देऊन टाकलं, आता कोणीही म्हणणार की हो, मी मोकळेपणाने बोललो. त्याऐवजी असं विचारा: 'तुमचं काम दुसऱ्याच्या कामावर अडकलं होतं, तो माणूस तुम्हाला रिपोर्ट करत नव्हता आणि काम येत नव्हतं, असा गेल्या एक-दोन वर्षांतला प्रसंग सांगा. काय झालं होतं आणि तुम्ही काय केलंत?' बस. चांगलं काय, वाईट काय याचा वासही प्रश्नात नको. आणि हा प्रसंग ज्युनियरपासून सिनियरपर्यंत जवळपास प्रत्येकावर आलेला असतो.

पण खरा माल उपप्रश्नांत असतो, आणि ते आधीच लिहून ठेवायचे, सगळ्यांना तेच विचारायचे. उशीर होतोय हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? त्यानंतर पहिलं काय केलंत? त्याच्याशी बोललात तर तेव्हा काय शब्द वापरलेत, जमेल तितकं आठवून सांगा. तो काय म्हणाला? ते काम शेवटी कोणी पूर्ण केलं? पुढच्या वेळी त्याच माणसाबरोबर काम आलं तेव्हा काय झालं? उमेदवार 'आम्ही मीटिंग घेतली, आम्ही ठरवलं' असं बोलत असेल तर शांतपणे विचारायचं, 'त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?' ज्याने खरंच केलंय त्याला संवाद आठवतो, थोडा अडखळत का होईना. रचून सांगणारा फिरून फिरून तत्त्वांवर येतो, 'कम्युनिकेशन महत्त्वाचं असतं' असं.

मग गुण. पाचाची पट्टी घ्या, पण आकड्यांसमोर वागणूक लिहा, आणि ती इंटरव्ह्यूच्या आधी लिहा. एक म्हणजे गप्प बसून काम स्वतः ओढलं किंवा त्याच्याशी न बोलता थेट वर तक्रार केली. तीन म्हणजे बोलला, पण फक्त 'कधी देणार?' एवढंच विचारलं आणि तारीख घेतली. पाच म्हणजे लवकर बोलला, उशीर का होतोय ते समजून घेतलं, त्यावर काहीतरी बदललं, मधला एक टप्पा ठरवून तिथे पुन्हा पाहिलं, आणि काम ज्याचं होतं त्याच्याकडेच राहिलं.

आता दोन उत्तरं लावून बघू, उदाहरणादाखल. पहिली उमेदवार सांगते की सहकाऱ्याचा रिपोर्ट आला नाही, क्लायंटची तारीख उद्यावर आली होती, मी रात्रभर बसून तो भाग केला आणि वेळेत पाठवलं. बोलते छान, पॅनल भारावतं. दुसरा सांगतो, पहिला ड्राफ्ट आला नाही तेव्हाच मी त्याच्या जागेवर गेलो, कळलं की त्याला डेटा कुठून घ्यायचा तेच माहीत नाही आणि विचारायला संकोच वाटतोय, मी त्याला डेटावाल्या मुलीशी जोडून दिलं, बुधवारी अर्धा भाग एकत्र बघायचं ठरवलं, तरी शेवटी दोन दिवस उशीर झाला, तो मी मॅनेजरला आधीच कळवला होता. पट्टीशिवाय गुण दिलेत तर पहिली पुढे जाते, कारण निकाल चांगला आणि कष्ट दिसतात. पट्टीवर पहिलीला एक-दोन आणि दुसऱ्याला पाच. पण पहिलीला तिथेच सोडू नका, 'नंतर त्याच्याशी काय बोलणं झालं?' हे विचाराच. तारीख उद्यावर असताना काम स्वतः उचलणं कधी कधी बरोबरच असतं, आणि ती म्हणाली की दुसऱ्याच दिवशी बसून आम्ही पुढचं काम वेगळं वाटून घेतलं, तर गुण वर जायला हवेत.

पॅनलमधे प्रत्येकाने आपला आकडा आणि त्याखाली उमेदवाराचं एखादं वाक्य आधी लिहायचं, मगच बोलायचं. नाहीतर सिनियर माणूस 'मला आवडला' म्हणतो आणि बाकीचे आकडे त्याच्याकडे सरकतात.

एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. या पद्धतीत गोष्ट सांगता येणाऱ्याचा फायदा होतो. म्हणून प्रश्नाचा विषय मी आदल्या दिवशी कळवा असं सांगते, आणि प्रश्न विचारल्यावर माणूस मिनिटभर गप्प बसला तर बसू द्या, मधे बोलू नका. आणि समजा एकट्यानेच काम करत आलाय, असा प्रसंग खरंच आला नाही, तर हाच प्रसंग काल्पनिक म्हणून द्या: 'तुम्ही लीड आहात, सहकारी तुमचा मित्र आहे, काम दोनदा उशिरा आलंय, तिसऱ्याची तारीख परवा आहे, काय कराल?' पट्टी तीच ठेवा. फक्त फॉर्मवर स्पष्ट लिहा की हे उत्तर काल्पनिक प्रसंगावरचं आहे, म्हणजे निर्णयाला बसाल तेव्हा घडलेलं आणि ठरवलेलं एकाच मापात मोजलं जाणार नाही.