शब्दसमूहाबद्दल एक शब्द

[दृश्य : मराठीची उत्तरपत्रिका. एका ओळीवर लाल पेनाची फुली.]

निवेदन :
प्रश्न एका गुणाचा. 'मरेपर्यंत' या शब्दसमूहाबद्दल एक शब्द लिहा. उत्तर आलंय, 'अमर'. फुली बसली, कारण उत्तर हवं होतं 'आमरण'. फरक एका कान्याचा आणि एका 'ण'चा, पण त्या कान्याने अर्थ पार उलटा केला. अमर म्हणजे ज्याला मरणच नाही तो.

'अ' नकार देतो आणि 'आ' सांगतो 'पर्यंत'. हाच 'आ' दुसरीकडेही सापडतो. 'ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात असा' याचं उत्तर मुलं घोकून ठेवतात, आजानुबाहू. आता हा शब्द फोडून पाहा. आ म्हणजे पर्यंत, जानु म्हणजे गुडघा, बाहू म्हणजे हात. प्रश्नातला प्रत्येक तुकडा उत्तरात जसाच्या तसा बसलाय. एकदा फोडला की पाठ करायला उरतं काय?

[दृश्य : फळ्यावर 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न'.]

या जोडीत मात्र गडबड ठरलेली, आणि तिचा थोडा दोष प्रश्नाकडेही जातो. 'केलेले उपकार जाणणारा' तो कृतज्ञ. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा, सर्वज्ञ किंवा तज्ज्ञमधला. पुढचा प्रश्न असतो, 'केलेले उपकार न जाणणारा'. मूल सरळ विचार करतं आणि 'अकृतज्ञ' लिहून मोकळं होतं. खरं तर चुकलं काय त्याचं? पण अपेक्षित शब्द असतो कृतघ्न, आणि त्यातला 'घ्न' नुसतं न जाणण्यावर थांबत नाही. तो नाश करणारा आहे, शत्रुघ्नमधला. कृतघ्न माणूस उपकार नुसते विसरत नाही, उपकारावरच उठतो. प्रश्नाच्या शब्दांत ही धार येतच नाही.

प्रश्नाचं शेपूटही नीट वाचावं लागतं. 'ऐकणारा' असेल तर श्रोता, 'ऐकण्याजोगे' असेल तर श्रवणीय. 'जिंकता न येणारा' तो अजिंक्य. आजवर नुसता हरलेला नसेल, तर अपराजित. उद्या हरूही शकतो बिचारा.

[दृश्य : कोकणातला रस्ता. एसटीच्या थांब्यावर 'तिठा' असं नाव.]

काही शब्द मात्र असे फोडून हाती लागत नाहीत, ते कानावरून गेलेले असावे लागतात. 'तीन रस्ते मिळतात ती जागा' म्हणजे तिठा. सिंधुदुर्गातल्या मुलाला हा शब्द शिकवावा लागत नाही, तिथे थांब्यांच्या नावातच तो आहे. शहरातलं मूल याच प्रश्नापाशी अडतं. आणि चार रस्ते मिळतात तो चव्हाटा. रस्त्यावर त्याची जागा आता चौकाने घेतली आहे. 'चव्हाट्यावर भेटू' असं कुणी म्हणत नाही. चव्हाट्यावर येतात ती फक्त भांडणं.