चाळीस गणितं आणि एक रिकामी फाइल

मंडळी, सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पहिल्यांदा नोकरी बदलायची ठरवली तेव्हा मुलाखतीच्या तयारीसाठी तीन महिन्यांत मी कोडिंगचे दीडशेच्या आसपास प्रॉब्लेम सोडवले होते. एक्सेलमध्ये प्रत्येकापुढे हिरवी खूण होती. मुलाखतीत त्यातलाच एक आला. तो आपण केलाय एवढं आठवलं, कसा केला ते काही आठवेना. उत्तर न येण्यापेक्षा हे वाईट, कारण चेहऱ्यावर 'अरे, हे माहितीय' असा भाव येतो आणि समोरचा वाट बघत बसतो.

म्हणून आज मुलाखतीच्या बारा आठवड्यांच्या तयारीचा हिशेब उजळणीपासून उलटा करू. त्यासाठी माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण घेतो. सहा वर्षांचा जावाचा अनुभव, हिंजवडीत ऑफिस, घरी तीन वर्षांची मुलगी. आठवड्याला किती तास देशील, असं विचारलं तर म्हणाला, वीस. मी म्हटलं, एक आठवडा काही बदलू नकोस, फक्त लिहून ठेव. निघाले नऊ. सोमवार ते गुरुवार सकाळी सहा ते सात, शनिवारी तीन तास, रविवारी दोन. शुक्रवारी काही नाही, कारण शुक्रवारी माणसात काही उरलेलंच नसतं.

बारा आठवड्यांचे झाले एकशे आठ तास. त्यातले पाचवा आणि नववा असे दोन आठवडे आम्ही कोरे ठेवले. रिलीज, ताप, पाहुणे, यांतलं काहीतरी येणारच. आलं नाही तर तो आठवडा जुनं निस्तरायला. उरले नव्वद तास: सकाळचे चाळीस डेटा स्ट्रक्चर्सचे, शनिवारचे तीस सिस्टिम डिझाइनचे, रविवारचे वीस उजळणीचे.

आता एका सकाळचा तास बघा. पंचवीस मिनिटं स्वतः झटापट. नाही सुटलं तर वीस मिनिटं उत्तर वाचून, ते मिटून, स्वतःच्या हातानं लिहायचं. उरलेली पंधरा मिनिटं तीन ओळींची नोंद: कशावरून ओळखायचं, कुठे अडलो, किती वेळ आणि मेमरी. म्हणजे मध्यम प्रतीचा प्रॉब्लेम दिवसाला एकच. पहिले दोन आठवडे अ‍ॅरे आणि हॅशमॅपचे सोपे असतात, तिथे दोन होतात. शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काही नाही. सगळं मिळून चाळीस प्रॉब्लेम. हसू नका, तोही हसला होता.

हे चाळीस टिकवायचे कसे? प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण: स्वतः सुटलं, इशारा लागला, उत्तर बघितलं. पहिल्या खुणेचं पुन्हा करायचं नाही. बाकीची दोन उजळणीच्या पेटीत जातात. रविवारच्या दोन तासांत वीस-वीस मिनिटांचे सहा होतात, रिकाम्या फाइलमध्ये, नोंद न उघडता. दोन वेगवेगळ्या रविवारी स्वच्छ सुटलं की पेटीतून बाहेर. आणि पेटीत बारापेक्षा जास्त साठले तर सोमवारपासून नवीन बंद, सकाळीही पेटीच उपसायची. क्यू तुंबायला लागला की प्रोड्यूसरला थांबवतो ना आपण? तेच इथे.

त्याची पेटी सहाव्या आठवड्यात चौदावर गेली. पाचवा कोरा आठवडा रिलीजनं खाल्ला होता, उजळणी झालीच नव्हती. आम्ही चौदा नोंदी टेबलावर पसरल्या. त्यातले चार बायनरी सर्चचे होते आणि चौघांत चूक एकच. त्यातला एक लीटकोडवरचा, ठरावीक दिवसांत माल पोचवायला जहाजाची कमीत कमी क्षमता किती लागेल, असा. वजनं एक ते दहा, क्रमानं चढवायची, दिवस पाच. उत्तर 15. चौदाची क्षमता धरली तर सहा दिवस लागतात. बरोबर लूप असा:

```java
while (lo < hi) {
    int mid = lo + (hi - lo) / 2;
    if (canShip(mid)) hi = mid;
    else lo = mid + 1;
}
```

हा गडी `else` मध्ये `lo = mid` लिहायचा. सुरुवातीला `lo` 10, `hi` 55. `mid` होतो 32, 21, 15, आणि `hi` पंधरावर येतो. मग 12 जमत नाही, 13 जमत नाही, 14 जमत नाही. आता `lo` 14, `hi` 15, पूर्णांक भागाकारानं `mid` पुन्हा 14. तिथेच घुटमळत राहतो, प्रोग्रॅम लटकतो. '14 चालत नाही हे कळल्यावर ते पुन्हा यादीत कशाला ठेवतोस?' एवढा एकच प्रश्न. चारही त्याच आठवड्यात सुटले. नोंदीत 'कुठे अडलो' ही ओळ नसती, तर त्यानं बायनरी सर्चचे आणखी दहा केले असते आणि दहाही अडकले असते. (ते `lo + (hi - lo) / 2` सुद्धा उगाच नाही. साधी बेरीज करून भागल्यानं मोठ्या आकड्यांवर ओव्हरफ्लो होतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक कित्येक वर्षं होती, 2006 मध्ये ती उजेडात आली.)

उजळणीत आणखी एक फसगत असते. ग्राफच्या आठवड्यात ग्राफचा प्रॉब्लेम सुटतो, कारण आठवड्याचं नावच इशारा असतं. म्हणून रविवारचे सहा चिठ्ठ्या टाकून काढायचे, विषय झाकून.

डिझाइनला सकाळचा तास पुरत नाही, विचार जमेपर्यंत आंघोळीची वेळ होते. म्हणून शनिवार, आणि एका प्रश्नाला दोन शनिवार. आधी काही न वाचता कागदावर स्वतःची आकृती, मग वाचन, पुढच्या शनिवारी कोऱ्या कागदावर पुन्हा. बारा आठवड्यांत पाचच प्रश्न होतात.

पहिला घेतला लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेचा. त्याच्या पहिल्या कागदावर काफ्का होतं, शार्डिंग होतं, तीन कॅश होत्या. मी विचारलं, लिंका किती? महिन्याला एक कोटी धरू. महिन्यात साधारण सव्वीस लाख सेकंद, म्हणजे सेकंदाला चार लिंका. वाचणारे शंभरपट, चारशे. एका नोंदीला पाचशे बाइट धरले तर वर्षाच्या बारा कोटी नोंदींना साठ जीबी. हे एका नीट इंडेक्स केलेल्या डेटाबेसला, सोबत एक रेप्लिका देऊन, सहज झेपतं. बासष्ट अक्षरांतून सात अक्षरी कोड केले तर साडेतीन लाख कोटी होतात, म्हणजे कोड संपण्याचीही चिंता नाही. दुसऱ्या शनिवारच्या कागदावर काफ्का नव्हतं. दोन विनंत्यांना एकच कोड मिळाला तर काय, हा प्रश्न मात्र होता, जो पहिल्या कागदावर सुचलाच नव्हता.

शेवटचे दोन आठवडे सकाळी पेटीतलं आणि जुन्यातलं मोठ्यानं बोलत सोडवायचं, शनिवारी एखाद्या मित्राला समोर बसवून पंचेचाळीस मिनिटं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगला त्याच्या वाट्याला एकच आठवडा, दहावा, आला. ते कच्चं राहिलं, आणि ते कच्चं राहणार हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, माझ्याकडे पाचच तास आहेत, मग? मग सकाळी दोन प्रॉब्लेम, रविवारी दीड तास, आणि उरलेला दीड तास डिझाइनला, एका प्रश्नाला तीन शनिवार. प्रॉब्लेम चाळीसचे वीसवर येतील. ग्राफ आणि ट्री ठेवा, हीप सोडा, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचं नावच काढू नका. रविवारच्या दीड तासाला मात्र हात लावू नका.