काळ्या रस्त्यावरची माळ

(काळोख. काचेवर पावसाचा आवाज, वायपर. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे, लाइट डिपरवर.)

रात्री कोरडा रस्ता निदान राखाडी तरी दिसतो. पाऊस पडला की तोच रस्ता शाईसारखा काळा होतो. दिव्यांचा जोर तेवढाच असतो, पण पाण्याच्या पातळ थरामुळे डांबराचा आरसा झालेला असतो. आरशावर तिरपा पडलेला उजेड पुढेच घसरत जातो. आपला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, त्याचा आपल्या डोळ्यांत येतो, आणि मधला रस्ता दोघांनाही दिसत नाही.

तरीही गाडी रस्त्यावर राहते, कारण काही वस्तू आपला उजेड आपल्याकडेच परत पाठवतात.

(कडेची पांढरी पट्टी, अगदी जवळून. पृष्ठभागावर बारीक चमकणारे कण.)

त्यातली पहिली वस्तू ही कडेची पट्टी. नुसता पांढरा रंग रात्री फारसा कामाचा नसतो. रंग ओला असतानाच त्यावर काचेचे मणी शिंपडतात, बहुतेक एक मिलिमीटरपेक्षाही लहान. मणी साधारण अर्धा रंगात रुतलेला हवा. फार रुतला तर उजेड आत शिरत नाही, वरवर बसला तर टायर त्याला उपटून नेतात. नीट बसलेल्या मण्यात शिरलेला किरण मागच्या रंगावर जाऊन पडतो आणि आला त्या दिशेने परत फिरतो.

पाऊस या पट्टीचा घात करतो. मणी पाण्याखाली गेला की किरण मण्याऐवजी आधी पाण्यात शिरतो. पाणी आणि काच प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, त्यामुळे मण्याचं भिंगपण उरत नाही. म्हणून काही पट्ट्यांवर मुद्दाम आडवे उंचवटे ठेवतात. पाणी खाली साचतं आणि उंचवट्यावरचे मणी वर राहतात. त्यावरून चाक गेलं की घर्रर्र आवाजही होतो, तो वेगळा फायदा.

(रस्त्यात बसवलेला रोड स्टड, आपण ज्याला कॅट आय म्हणतो. एक चाक त्यावरून जातं.)

जिथे पट्टी बुडते तिथे हा स्टड वर राहतो. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली याचं पेटंट घेतलं. काचेचे डोळे त्यांनी रबरात बसवले. चाक वरून गेलं की रबर दबतं, डोळे खाली जातात आणि जाता जाता पुसले जातात, पापणी मिटल्यासारखे. इतका साधा उपाय, आणि नेमका घाणीवरचा, कारण स्टड निकामी होतो तो बहुतेक वेळा चिखलाने. आजच्या बऱ्याच स्टडमध्ये प्लॅस्टिकचे लोलक असतात. काटकोनात जुळलेल्या तीन पृष्ठभागांवर उजेड आपटतो आणि उलट पावली परततो.

ब्रिटनमध्ये या डोळ्यांना रंगांची भाषा आहे. मधल्या आणि लेनच्या रेषांवर पांढरे, डाव्या कडेला लाल, दुभाजकाच्या बाजूला पिवळसर, आणि मुख्य रस्त्यातून फाटा फुटतो तिथे हिरवे. तिथे मुसळधार पावसात डाव्या कडेची लाल रांग अचानक हिरवी झाली, तर कड संपलेली नसते. ते रस्त्याचं एक तोंड असतं. अमेरिकेत मात्र काही स्टडची मागची बाजू लाल ठेवतात. तिथे समोर लाल ठिपक्यांची रांग दिसली, तर तुम्ही उलट्या दिशेने शिरला आहात. रंग तोच, निरोप अगदी निराळा.

(एक माणूस टॉर्च कपाळाजवळ धरून स्टडकडे बघतो. मग टॉर्च कमरेशी नेतो. स्टड मंदावतो.)

उजेड परततो तो दिव्याकडे. डोळा दिव्याच्या जितका जवळ, तितका त्याच्या वाट्याला जास्त. कारमध्ये डोळा दिव्यापेक्षा जेमतेम अर्धा मीटर वर असतो, ट्रकमध्ये दीडेक मीटर. तीस मीटरवरच्या पट्टीसाठी हा कोन कारला सुमारे एक अंश, तर ट्रकला जवळजवळ तीन अंश भरतो. ट्रकवाला उंच बसतो म्हणून त्याला सगळं जास्त स्पष्ट दिसत असेल, हा आपला समज इथे उलटा पडतो. जवळची पट्टी त्याला अधिक फिकी दिसते.

(कडेचे खुंट. एकामागून एक उजळत मागे जातात.)

आता तिसरी वस्तू, कडेचे रिफ्लेक्टर लावलेले खुंट. पट्टी आत्ताचं सांगते, गाडी लेनमध्ये कुठे आहे ते. स्टड पुढच्या काही सेकंदांचं सांगतात. खुंट सांगतात रस्ता कुठे चालला आहे ते, हेडलाइटने रस्ता उजळायच्या कितीतरी आधी. जर्मनीत, जिथे वाहनं उजवीकडून चालतात, सरळ रस्त्यावर ते दर ५० मीटरला असतात. उजवीकडच्या खुंटावर एक उभा रिफ्लेक्टर, डावीकडच्यावर एकावर एक दोन गोल ठिपके. त्यामुळे एकच खुंट दिसला तरी आपण कोणत्या कडेजवळ आहोत ते कळतं. धुक्यात हेच खुंट मोजपट्टी होतात. आपल्याजवळच्या खुंटापासून पुढचा खुंटही दिसत नसेल, तर दृश्यता ५० मीटरहून कमी, आणि तिथल्या नियमाप्रमाणे वेग ताशी ५० च्या वर नेता येत नाही.

वळणावर खुंट जवळजवळ लावतात, म्हणजे एका वेळी अनेक दिसतात आणि त्यांची माळ वाचता येते. माळ हळूच कलली तर वळण सैल आहे. ठिपके एकमेकांत दाटून एकदम बाजूला पळाले, तर ब्रेकवर पाय आत्ताच हवा.

(पुन्हा गाडीतून. उजवं वळण. माळ समोर स्पष्ट.)

पण ही माळ दिसली की माणूस निर्धास्त होतो. फिनलंडमध्ये खुंट लावलेल्या रस्त्यांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर खुंट लावल्यावर रात्रीचा वेग वाढला आणि अपघातही वाढले. मला यात नवल वाटत नाही. हिशेब करून पाहा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नासेक. एकूण ८० मीटरच्या वर. डिपरमध्ये काळ्या कपड्यातला माणूस त्याच्या निम्म्या अंतरावर दिसला तरी नशीब. खुंट मात्र त्याच्या कितीतरी पलीकडचे दिसत असतात. ते रस्त्याचा आकार सांगतात. रस्ता मोकळा आहे असं ते सांगत नाहीत.

तरी माळ कधीकधी तेही सांगून जाते. या उजव्या वळणावर डाव्या कडेचे खुंट गाडीच्या अगदी समोर येतात. पहिले चार दिसताहेत. पाचवा, सहावा नाही. सातवा आहे. खुंट मोडला असेल, तर ती फट जिथल्या तिथे राहते. चढाच्या माथ्याने झाकलं असेल, तर पुढचे सगळेच जातात. इथे तसं नाही. गाडी पुढे सरकते तशी फट सरकते आहे. पाचवा पुन्हा उजळला, आता सातवा विझला.

(ब्रेकचा आवाज. वेग उतरतो. हेडलाइटच्या उजेडात हळूहळू एक आकार: मागचे दिवे नसलेली, आपल्याच लेनमध्ये उभी ट्रॉली. तिच्या पलीकडे खुंट एकेक करून पुन्हा दिसू लागतात.)