बोर्डावरचा जांभा, भिंतीवरचा जांभा

टिळकवाडीतल्या या छोट्या ऑफिसात टेबलावर एक मूड बोर्ड ठेवलाय, खोलीत येणाऱ्या वस्तूंचे फोटो आणि तुकडे एकत्र लावलेला. खानापूरजवळच्या एका जुन्या घराचा सोपा नव्याने करायचा आहे. त्याची एक भिंत उघड्या जांभ्याची, ती तशीच राहणार. म्हणून बोर्डावर जांभ्याचा फोटो आहे, सागवानी दाराचा आहे, उशांसाठी इरकल काठाचा आहे आणि पडद्याच्या लिननचा एक तुकडा चिकटवलाय.

पहिल्या नजरेत सगळं जुळतं. तांबडं, तपकिरी, कोरं पांढरं. पण घरच्या काकू आल्या, त्यांनी बोर्डाकडे बघितलं आणि विचारलं, "हा काठ एवढा रुंद कुठं असतोय?" मग नेसलेल्या इरकलचा पदर त्यांनी फोटोशेजारी धरला. त्यांचा काठ चार बोटं, फोटोतला वीतभर.

चूक नेमकी तिथेच होती. काठाचा फोटो छापताना मोठा केलेला. जांभ्याचा इतक्या जवळून काढलेला, की त्याची भोकं सुपारीएवढी दिसत होती. दार मात्र अख्खं, दुरून. डोळा तिन्ही फोटो एकाच मापाने वाचतो, त्यामुळे बोर्डावर काठ आणि दगड तोलामोलाचे वाटले. सोप्यात आठ फुटांवर बसलं की भोकं जवळपास नाहीशी होतात, उरतात चिऱ्यांचे थर आणि सांधे. आणि काठाची होते एक बारीक रेघ.

मग फोटो पुन्हा छापले. प्रत्येक वस्तूचे दोन: एक खऱ्या मापाचा, हात ठेवून बघता येईल असा. दुसरा दुरून काढलेला, आणि दुरूनचे सगळे एकाच प्रमाणात, एका फुटाला एक इंच. त्यात चिरा इंचाहून थोडा मोठा आला आणि काठ जेमतेम पाव इंच. उशा भिंतीपुढे हरवतात, हे आता कुणालाही दिसत होतं.

रंगाचं दुखणं याहून बारीक. दोन्ही तांबडेच, पण जांभा नारिंगीकडे झुकतो आणि हा काठ जांभळटाकडे. छापील फोटोत दोघांचं तांबडं सारखंच झालं होतं, कारण ते प्रिंटरचं तांबडं. म्हणून भिंतीचा एक खरा कपरा आणला आणि खऱ्या कापडाशेजारी खिडकीत ठेवला. काठाशेजारी दगड मळका दिसायला लागला. मोबाइलवर दोघांचा काळा-पांढरा फोटो काढला, तर दोघांचा करडा एकच. म्हणजे रंग भांडतात, आणि उठाव मात्र कुणालाच नाही.

पोताकडे बघितलं तर दगड खडबडीत, लिनन गाठीदार, सागवान बिनपॉलिशचं. हात कुठेच घसरत नव्हता. बैठकीसाठी घोटलेला काळा कडप्पा आला आणि जांभ्याचा खडबडीतपणा प्रथमच जाणवला.

उशा आता साध्या, गडद निळ्या. इरकल काठ बैठकीच्या चादरीला, पूर्ण लांबीभर, कडप्प्याच्या काळ्यावर. संध्याकाळी नवा बोर्ड सोप्यात नेला, भिंतीला टेकवला आणि पिवळा दिवा लावला. काकू दारातूनच बघत होत्या, आठ फुटांवरून.